फोकस अंगठ्याकडे

शटरचं बटण अर्धं दाबलं की फोकस होतो, पूर्ण दाबलं की फोटो निघतो. कॅमेरा हातात आल्यावर पहिल्याच दिवशी हे कुणीतरी शिकवतं आणि मग ते इतकं अंगवळणी पडतं की एकाच बोटावर दोन वेगळी कामं लादली आहेत, हे लक्षातही येत नाही. लेन्सनं कुठल्या अंतरावर नजर रोखायची, हे पहिलं काम. फोटो नेमका कोणत्या क्षणी घ्यायचा, हे दुसरं. बहुतेक वेळा ही दोन्ही एकापाठोपाठ एक करायची असतात, त्यामुळे एका बोटात भागतं. पण काही प्रसंग असे असतात की फोटो घ्यायचा असतो आणि फोकसला मात्र हात लावू द्यायचा नसतो. अर्ध्या दाबाला ते जमत नाही. तिथे बॅक-बटण फोकस कामाला येतो.

यात फोकसचं काम शटरकडून काढून घ्यायचं आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर, उजव्या अंगठ्याखाली असलेल्या बटणाला द्यायचं. बऱ्याच बॉडींवर त्या बटणावर AF-ON असं छापलेलंच असतं. अंगठा दाबला की फोकस सुरू, अंगठा उचलला की फोकस होता तिथेच थांबला. तर्जनी फक्त फोटो काढते. ही सोय मिररलेसच्या खूप आधीची आहे. कॅननच्या ईओएस ६३० या फिल्म कॅमेऱ्यात १९८९ साली ती आली आणि पुढे खेळ आणि वन्यजीव टिपणाऱ्यांनी ती उचलून धरली.

त्या काळात तिची शिफारस करताना जे पहिलं कारण दिलं जायचं, ते आज बरंचसं बाद झालं आहे. डीएसएलआरमध्ये फोकसचे बिंदू चौकटीच्या मध्यावर दाटीवाटीनं असायचे. २००८ साली आलेल्या कॅनन ५डी मार्क टू या नावाजलेल्या बॉडीत असे जेमतेम नऊ बिंदू होते आणि तेही मधोमध. माणूस चौकटीच्या कडेला हवा असेल, तर मधल्या बिंदूनं त्याच्यावर फोकस करायचा, तो रोखून धरायचा आणि मग कॅमेरा वळवून चौकट जुळवायची. अंगठ्यानं हे सोपं व्हायचं. मिररलेसमध्ये फोकस थेट सेन्सरवरच ठरतो आणि त्याचे बिंदू जवळजवळ सगळ्या चौकटीभर पसरलेले असतात. माणूस कुठल्याही कोपऱ्यात असला तरी कॅमेरा तिथल्या तिथे त्याचा डोळा शोधतो. २०२० च्या कॅनन आर५ ला पक्षीही ओळखता येत होते, २०२१ च्या सोनी ए१ नं पक्ष्यांचे डोळे शोधले. चौकट जुळवण्यासाठी फोकस रोखून धरायची गरज त्यामुळे फार उरलेली नाही.

म्हणून काही जण आता असंही म्हणतात की मिररलेसवर बॅक-बटण ही जुनी सवय आहे, सोडून द्या. मला ते पटत नाही. फोकस कुठे करायचा हे कॅमेऱ्याला आता छान कळतं, हे खरं. फोकस कधी करायचा नाही, हे मात्र त्याला अजून कळत नाही, कारण पुढच्या क्षणी काय होणार आहे हे त्याला ठाऊक नसतं आणि आपल्याला असतं. बॅक-बटणाचं आजचं मोल या एका गोष्टीत आहे.

लग्नातलं उदाहरण घेऊ. मंगलाष्टकं संपत आली आहेत, अंतरपाट दूर होणार आहे, वधू मान वर करून पाहणार आहे. छायाचित्रकार तीनेक मीटरवर उभा आहे, लेन्स ३५ मिलिमीटर, अ‍ॅपर्चर एफ/४. ‘सावधान’ झालं की चारी बाजूंनी अक्षता पडणार. तांदळाचे दाणे लेन्सच्या अगदी पुढून जातात, कुणाचा तरी हात मध्येच येतो, व्हिडिओवाल्याचा खांदा आडवा जातो. शटरच्या अर्ध्या दाबावर सतत चालणारा फोकस ठेवला असेल, तर यातली प्रत्येक गोष्ट त्याला खुणावते. बऱ्याचदा कॅमेरा चेहऱ्यावर टिकून राहतो, पण हात मध्ये आला आणि चेहरा झाकला गेला तर तो हातावर जातो, आणि परत येईपर्यंत वधूच्या चेहऱ्यावरचा भाव ओसरलेला असतो.

अंगठ्यावर फोकस असेल तर काम सरळ होतं. अंतरपाटाच्या बाजूनं वधूचा चेहरा दिसतोय तेवढ्यात अंगठा दाबायचा, डोळ्यावर फोकस बसला की अंगठा उचलायचा. आता लेन्स तीन मीटरवर थांबली आहे. या लेन्सला, या अ‍ॅपर्चरला, पूर्ण आकाराच्या सेन्सरवर साधारण २.३ मीटरपासून सव्वाचार मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. वधू पाटावर उभी आहे, ती अर्धा मीटर पुढे-मागे झाली तरी बिघडत नाही. मग अक्षता पडू द्यात, हात येऊ देत. तर्जनी मोकळी आहे आणि प्रत्येक दाबाला फोटो निघतो, कारण शटर आता फोकसला काही विचारतच नाही. पुढे सप्तपदीत दोघं चालू लागली की अंगठा दाबून धरायचा. तोच कॅमेरा, तेच सेटिंग, आणि फोकस आता त्यांच्याबरोबर चालतो.

यामागची जुळणी समजून घेतली की बाकीचं आपोआप उलगडतं. कॅमेऱ्यात फोकसच्या दोन मुख्य पद्धती असतात. एकीत कॅमेरा एकदा फोकस करतो आणि बोट दाबून धरलंय तोवर तो तसाच ठेवतो. स्क्रीनवर तिला AF-S किंवा One-Shot म्हटलेलं असतं. दुसरीत दाब असेपर्यंत तो अंतर सतत मोजत राहतो आणि लेन्स हलवत राहतो. ती AF-C, कॅननवर Servo AF. अर्ध्या दाबावर काम करणाऱ्याला स्थिर विषयासाठी पहिली आणि हलणाऱ्यासाठी दुसरी निवडावी लागते, आणि विषयानं मध्येच विचार बदलला की घाईघाईनं पद्धत बदलावी लागते. शिवाय पहिल्या पद्धतीत बोट पूर्ण उचललं की पुढच्या दाबाला फोकस नव्यानं होतो, आणि दुसऱ्या पद्धतीत रोखून धरायची सोयच नाही. अंगठ्याला काम दिलं की कॅमेरा कायम AF-C वर ठेवायचा. अंगठा दाबून सोडला तर ती एकदाच फोकस करणारी पद्धत झाली. दाबून धरला तर सतत फोकस करणारी. आणि दाबलाच नाही, तर कॅमेरा जणू मॅन्युअल फोकसवर आहे. मेनूत न शिरता तिन्ही गोष्टी एका अंगठ्याखाली.

लग्नात रोखून धरलेला फोकस बराच वेळ टिकतो. लांब पल्ल्याच्या लेन्सवर तसं होत नाही, आणि तिथेच या पद्धतीची खरी परीक्षा लागते. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पहाटे होडीतून जाणारे छायाचित्रकार पुष्कळ दिसतात. बहुतेकांना रोहित पक्षी हवे असतात, पण फोकस शिकायचा तर तिथला काळा-पांढरा खंड्या घ्यावा. साळुंकीपेक्षा जरासा मोठा पक्षी. पाण्यात उभ्या असलेल्या वठलेल्या झाडाच्या फांदीवर बसतो, मग उडतो, पाण्यावर काही मीटर उंचीवर पंख फडफडवत एकाच जागी तरंगतो, चोच खाली रोखतो आणि दगडासारखा पाण्यात पडतो. बसणं, तरंगणं आणि सूर या तिन्हींसाठी फोकसची मागणी वेगवेगळी आहे, आणि मधे सेटिंग बदलायला तो वेळ देत नाही.

समजा पक्षी पंधरा मीटरवर बसलाय आणि लेन्स ६०० मिलिमीटर, एफ/६.३. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर इथे स्पष्ट दिसणारा पट्टा पुढे-मागे मिळून साधारण २४ सेंटीमीटर भरतो, म्हणजे जेमतेम एक वीत. फोकस पक्ष्याच्या डोळ्यावर असेल, तर पुढे बारा आणि मागे बारा सेंटीमीटर. त्याच्या पुढे पाणकणसाची दोन पाती वाऱ्यानं हलताहेत. इथे विषय ओळखणारा फोकसही घोटाळ्यात पडू शकतो. पातं डोळ्यावरून गेलं की डोळा दिसेनासा होतो आणि कॅमेऱ्याला सगळ्यात जवळची, ठसठशीत वस्तू म्हणून पातंच सापडतं.

अशा वेळी फोकसची चौकट लहानात लहान करून ती पक्ष्याच्या डोक्यावर ठेवायची, पाती बाजूला गेल्याच्या क्षणी अंगठा दाबायचा आणि लगेच सोडायचा. आता पातं कितीही वेळा मध्ये आलं तरी लेन्स पक्ष्यावरच आहे. पातं पुढे धूसर येईल, आणि बऱ्याचदा ते धूसर पातं चित्राला शोभूनही दिसतं. शटर पाहिजे तेव्हा दाबायचं.

इथे एक मेख आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. होडी स्थिर नसते. इंजिन बंद करून नावाडी बांबू टेकवून थांबला तरी ती सरकते. सेकंदाला दहा सेंटीमीटर सरकली, तर बारा सेंटीमीटरचा पट्टा सव्वा सेकंदात ओलांडला जातो, आणि त्यानंतरचे सगळे फोटो थोडे मऊ येतात. लग्नात मिनिटभर टिकणारा फोकस इथे एका श्वासापुरता टिकतो. म्हणून होडीत अंगठा उचलून निवांत बसायचं नाही. पाती बाजूला झाली की पुन्हा हलकेच दाबून सोडायचं, दोन-तीन फोटो घ्यायचे, पुन्हा दाबून सोडायचं. काठावर तिकाटण्यावर कॅमेरा असेल आणि पक्षी हलत नसेल, तर एकदाच दाबून कितीही वेळ थांबता येतं.

या पाण्यावर रोज फिरणारा नावाडी पक्ष्याची हालचाल कॅमेऱ्याआधी ओळखतो. “दादा, मान झटकली बघा, आता उठंल,” असं त्यानं म्हटलं की अंगठा बटणावर घट्ट बसायला हवा. पक्षी उडाला की तो दाबूनच धरायचा. इथे लहान चौकट उपयोगाची नाही, कारण उडता पक्षी तिच्यात ठेवणं अवघड. चौकट मोठी हवी आणि पक्षी ओळखणारा फोकस चालू हवा. ज्या बॉडींवर बटणांना वेगवेगळी फोकस-चौकट देता येते, त्यांवर जाणकार दोन बटणं ठेवतात: AF-ON वर लहान चौकट, शेजारच्या बटणावर पक्ष्याचा डोळा शोधणारी मोठी. बसलेल्याला एक, उडणाऱ्याला दुसरं. अंगठा फक्त सेंटीमीटरभर सरकतो. पक्षी ओळखणाऱ्या बॉडीवर मला हीच मांडणी सगळ्यात उपयोगी वाटते.

पक्षी तरंगू लागला की अंतर फारसं बदलत नाही आणि मागे पाणी दूर असतं. कॅमेऱ्यासाठी ही सोपी वेळ, फोटोही सहसा इथे सगळ्यात जास्त मिळतात. अडचण सूर मारल्यावर येते. पक्षी सरळ खाली पडतो, आपला हात मागे राहतो आणि चौकटीत नुसतं पाणी किंवा पलीकडचा काठ उरतो. अर्ध्या दाबावर बोट शटरवरच दाबलेलं असतं, कारण फोटो तर घ्यायचेच आहेत. कॅमेरा इमानदारीनं चौकटीत जे आहे त्यावर, म्हणजे पलीकडच्या काठावर, फोकस करतो. पक्षी पाण्यातून मासा घेऊन वर येतो तेव्हा लेन्स शंभर-दोनशे मीटरवर असते. ६०० मिलिमीटरच्या लेन्सला तिथून परत पंधरा मीटरवर यायला वेळ लागतो, आणि पक्षी इतका धूसर झालेला असतो की कॅमेऱ्याला तो दिसतच नाही. मग लेन्स पुढे-मागे शोधत फिरते.

अंगठ्यावर काम करणारा पक्षी चौकटीतून निसटताच अंगठा उचलतो, तर्जनी मात्र चालूच राहते. लेन्स पंधरा मीटरच्या आसपास थांबलेली आहे. पक्षी जवळजवळ त्याच अंतरावर पाण्याबाहेर येणार, कारण तो सरळ खाली गेला होता. तो वर आला की किंचित धूसर का होईना, ओळखू येतो. अंगठा पुन्हा दाबला की फोकसला थोडंच सरकायचं असतं. लेन्सवर फोकसचा पल्ला आखून देणारी कळ असेल तर तीही लावावी, म्हणजे अगदी जवळचं अंतर शोधण्यात लेन्स वेळ घालवत नाही. पण पलीकडच्या काठापासून ती कळ वाचवत नाही. तिथे फक्त उचललेला अंगठा वाचवतो.

फोटो घरी मोठे करून पाहिले की काय चुकलं हे बरंचसं फोटोच सांगतात. पाणकणसाचं पातं लख्ख आणि पक्षी धूसर, तर लेन्स पुढच्या वस्तूवर गेली होती, म्हणजे अंगठा नको तेव्हा दाबलेला होता. मागचं पाणी किंवा काठ लख्ख, तर पक्षी चौकटीत नसताना अंगठा दाबून ठेवला होता. ओळीनं घेतलेल्या फोटोंमध्ये पहिला उत्तम आणि पुढचे हळूहळू मऊ होत गेले, तर विषय किंवा होडी सरकत होती आणि अंगठा उचललेला होता. आणि फोटोत कुठेच काही लख्ख नसेल, तर फोकसला दोष देण्याआधी शटरचा वेग तपासावा. उडत्या खंड्याला सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापेक्षा सावकाश शटर ठेवलं, तर पंख पुसट येतातच, फोकस कितीही अचूक असो.

मिररलेसचीच अशी एक फसगत आहे. पक्ष्याचा किंवा माणसाचा डोळा ओळखला की अनेक बॉडी त्याभोवती लहान चौकोन दाखवतात, आणि तो अंगठा न दाबताही दिसतो. नवख्याला वाटतं फोकस चालू आहे. प्रत्यक्षात कॅमेऱ्यानं डोळा फक्त ओळखलेला असतो, लेन्स हललेली नसते. अंगठा दाबल्यावर त्या चौकोनाचा रंग बदलतो. कुठे तो निळा होतो, कुठे हिरवा. आपल्या कॅमेऱ्यावर कोणता रंग ‘फोकस चालू’ सांगतो, हे घरात खिडकीशी बसून एकदा नीट पाहून ठेवावं.

आता सेटिंग. दोनच गोष्टी करायच्या असतात आणि त्यातली एक विसरली की सगळं फसतं. पाठीवरच्या बटणाला फोकस द्यायचा, आणि शटरकडून तो काढून घ्यायचा. पहिली करून दुसरी विसरली, तर अंगठ्यानं रोखलेला फोकस तर्जनी दर फोटोला पुन्हा सुरू करते. कॅननवर बटणांच्या मेनूत शटरच्या अर्ध्या दाबाला Metering and AF start ऐवजी Metering start करायचं. सोनीवर AF w/ Shutter हा पर्याय Off करायचा. निकॉनवर AF activation मध्ये AF-ON only निवडायचं. फुजीफिल्मवर SHUTTER AF मध्ये AF-S आणि AF-C दोन्हींसाठी Off करायचं, कारण तिथे ते वेगवेगळे लिहिलेले असतात. स्वस्त, लहान बॉडीवर AF-ON नावाचं बटण नसलं तरी बहुधा पाठीवर AEL किंवा ताऱ्याच्या खुणेचं बटण असतं. त्यालाच फोकसचं काम देता येतं. शेवटी फोकसची पद्धत AF-C किंवा Servo AF वर ठेवायची. ती AF-S वर राहिली, तर काही बॉडींत फोकस बसलेला नसताना शटर अडून बसतं आणि बटण बिघडल्यासारखं वाटतं.

नीट झालंय का, हे तपासायला पंख्याच्या वाऱ्यावर हलणारा पडदाही लागत नाही. टेबलावर एक बाटली जवळ आणि एक दूर ठेवावी. अंगठ्यानं जवळच्या बाटलीवर फोकस करावा, अंगठा उचलावा, कॅमेरा दूरच्या बाटलीकडे वळवून शटर पूर्ण दाबावं. फोटोत दूरची बाटली धूसर आली, तर काम फत्ते. ती लख्ख आली, तर शटर अजून फोकस करतंय.

एक लहानशी गोष्ट इथेच. काही बॉडींत हात हलण्याची भरपाई करणारी यंत्रणा शटरच्या अर्ध्या दाबावरच जागी होते, अंगठ्यावर नाही. लांब लेन्सवर चित्र डोळ्यासमोर थरथरत असेल, तर अंगठ्याबरोबर तर्जनीही शटरवर हलकी टेकवून ठेवावी. आता त्यानं फोकस बदलत नाही, त्यामुळे धोका काही नाही.

तिकाटण्यावरच्या कामात या पद्धतीचा फायदा कमी बोलला जातो, पण असतो. पहाटे अंधारात राजगडाच्या माचीवरून दरीचे लागोपाठ फोटो घ्यायचे असतील, तर उजेड असलेल्या एखाद्या दूरच्या दिव्यावर अंगठ्यानं एकदा फोकस करायचा आणि नंतर हात लावायचा नाही. शटर दर वेळी अंधारात चाचपडत बसत नाही. मिररलेसवर एक सावधगिरी लागते. यांतल्या बऱ्याच लेन्सची फोकसची रिंग आतल्या भिंगाला थेट जोडलेली नसते, ती फक्त मोटारीला हुकूम देते. कॅमेरा बंद करून चालू केला, तर लेन्स आधीच्या अंतरावर परत येईलच असं नाही. बॅटरी बदलली किंवा कॅमेरा बंद केला, की फोकस पुन्हा करून घ्यावा.

आता अर्धा दाब कुठे बरा, तेही सरळ सांगायला हवं. माणसांचे फोटो, ज्यात कुणी मध्ये येत नाही आणि फोकस प्रत्येक फोटोला डोळ्यावरच हवा आहे, तिथे डोळा ओळखणारा AF-C आणि शटरचा अर्धा दाब यांत काहीच कमी नाही. उलट एक बोट कमी लागतं. अंगणात धावणारं लहान मूल, बागेतला कुत्रा, समोर कोरी पार्श्वभूमी असलेला धावपटू, यांना फोकस थांबवावा असा क्षण सहसा येतच नाही. अशा कामात अंगठा सतत दाबून ठेवणं ही फुकटची मेहनत आहे, आणि दोन तासांच्या कार्यक्रमानंतर अंगठ्याचं मूळ दुखतं, हे सगळ्यांनाच कळतं.

दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. फोकसची चौकट सरकवणारी जॉयस्टिकही अंगठ्याखालीच असते. अंगठा AF-ON दाबून बसला असेल तर जॉयस्टिक हलवायला तो मोकळा नाही. कबड्डीत चढाईपटू एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातोय आणि कॅमेरा बाकीच्या सात जणांमधून त्यालाच ओळखेल याचा भरवसा नाही, तिथे काही जण फोकस शटरवर आणि चौकट अंगठ्यावर ठेवतात. ही निवड चुकीची नाही. डाव्या डोळ्यानं पाहणाऱ्यांनाही अंगठ्याची पद्धत जड जाते, कारण व्ह्यूफाइंडर डाव्या डोळ्याला लावला की पाठीवरचं बटण गालाशी येतं आणि अंगठा चेहऱ्यात रुततो, चष्मा असेल तर काचेवर बोट उमटतं. बॉडी मोठी असेल तर निभावतं, लहान बॉडीवर फार अवघड होतं.

अशांसाठी उलटी युक्ती आहे आणि तिच्याकडे फार कमी लोक वळतात. फोकस शटरच्या अर्ध्या दाबावरच राहू द्यायचा, AF-C मध्ये, आणि अंगठ्याच्या किंवा लेन्सच्या नळीवरच्या बटणाला फोकस थांबवायचं काम द्यायचं. अनेक लांब लेन्सवर त्यासाठीच बटण असतं. ते दाबलंय तोवर लेन्स हलत नाही, सोडलं की फोकस पुन्हा सुरू. वर्षभरात दहा वेळाच फोकस थांबवायची वेळ येते, अशा माणसाला हे जास्त सोयीचं. ज्याला तासात दहा वेळा थांबवावा लागतो, त्यानं फोकस अंगठ्याकडेच द्यावा.

पद्धत बदलली की सुरुवातीचे काही दिवस तर्जनी सवयीनं शटर दाबते, अंगठा स्वस्थ बसतो आणि फोटो धूसर येतात. म्हणून कुणाच्या लग्नाचं काम हातात असताना बदल करू नये. आधी घराच्या गॅलरीतून कबुतरं, रस्त्यावरच्या दुचाक्या यांवर हात बसवावा. दुसऱ्याच्या हातात कॅमेरा देऊन आपला फोटो काढून घ्यायचा असेल, तर त्याला अंगठ्याची गंमत समजावत बसण्यापेक्षा डायलवरच्या C1 किंवा U1 सारख्या राखीव जागी अर्ध्या दाबाचं नेहमीचं सेटिंग साठवून ठेवावं आणि कॅमेरा देताना डायल तिथे फिरवावी. परत हातात आला की डायल आपल्या जागी आणावी आणि पहिल्या फोटोआधी अंगठा दाबून चौकोनाचा रंग बदलतोय ना, एवढं पाहावं.